एकच मेम्ब्रेन, एकच पाकीट, भाव मात्र दुकानागणिक वेगळा. आणि स्वस्त कुणीच नाही, असं का?

मयूर_राजेंद्रनगर
आमच्याकडे इंदूरला बोरिंगचं पाणी, त्यामुळे आरओ मशीनमधलं पाणी गाळणारं मेम्ब्रेन फार टिकत नाही. या वेळी बदलायला निघालो तर एकाच कंपनीचं, ८० जीपीडी क्षमतेचं, त्याच सीलबंद पाकिटातलं मेम्ब्रेन घराजवळ १५५० ला, अन्नपूर्णा रोडवर १४५० ला आणि महारानी रोडवर १२५० ला मिळत होतं. पाकिटावरची एमआरपी भलतीच आहे, तिच्याकडे कुणी बघतही नाही. महारानी रोडवाल्यालासुद्धा माल ८०० च्या आसपास पडत असावा, असं आमचा मेकॅनिक म्हणतो.

भावातला फरक समजू शकतो. मला अडलंय ते वेगळंच. एका रांगेत इतकी दुकानं असताना कुणी ९०० ला विकून सगळं गिऱ्हाईक का ओढत नाही? एका लेखात वाचलं की एका दुकानातून दुसऱ्या दुकानात जायला थोडासा जरी खर्च येत असेल, तरी भाव थेट मक्तेदाराच्या पातळीला जाऊन बसतो, म्हणजे गावात एकच दुकान असतं तर जो भाव लागला असता तिथे. हे मला पटत नाही. थोड्या खर्चाने थोडा भाव वाढावा, एवढंच ना?

निखिल_जी
पटायचं कारणच नाही. दोन दुकानं शेजारी असली की एक जण भाव तोडणार, दुसरा आणखी तोडणार, असं करत खरेदीच्या भावापर्यंत येणार. बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला हेच शिकवतात. तसं होत नसेल तर एक तर माल डुप्लिकेट आहे, नाही तर दुकानदारांनी आपसात ठरवलंय. मला तर दुसरंच वाटतं. दर गुरुवारी सगळे एकाच टपरीवर चहा पितात, भिया.

वसुधाताई_सुदामानगर
मयूर, तू मेम्ब्रेन बाहेरून घेतलंस आणि मग मशीन गळायला लागलं तर कंपनीवाले हात वर करतात. आमच्याकडे मागच्या वर्षी तसंच झालं. मेम्ब्रेनचं घर नीट बसलं नव्हतं, सकाळी उठून बघते तर ओट्याखाली सगळं पाणी. मी आता वर्षाचा करार करून टाकलाय. भावाच्या मागे किती धावायचं?

मयूर_राजेंद्रनगर
ताई, गळतीचा विषय नाही हो, भावाचा आहे. पण कराराचं किती घेतात ते सांगा, बघतो.

अवंतिका_एम
बरीच वर्षं कॉलेजात अर्थशास्त्र शिकवलंय, म्हणून लिहिते. निखिल म्हणतो ते गणित बरोबर आहे, पण त्यात एक गोष्ट न सांगता गृहीत धरलेली आहे: गिऱ्हाइकाला दोन्ही दुकानांचे भाव घरबसल्या माहीत आहेत. ती काढून घेतली की गाडी उलट्या दिशेने चालायला लागते. हे पीटर डायमंड यांनी १९७१ साली दाखवलं. पुढे २०१० मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

मयूरचीच रक्कम घेऊ. माल ८०० ला पडतो. समजा सगळी दुकानं ९०० ला विकताहेत आणि लोकांनाही तसंच वाटतंय. एका दुकानातून दुसऱ्यात जायचं म्हणजे पेट्रोल, पार्किंग, वेळ मिळून ५० रुपयांचा त्रास. आता तू एका काउंटरसमोर उभा आहेस आणि तो म्हणतो ९४०. तू मनात काय हिशोब करशील? पुढे ९०० ला मिळेल, पण जायला ५० लागतील, म्हणजे ९५०. तू मुकाट्याने ९४० देशील. हे दुकानदाराला कळतं, कारण तोही कधी तरी गिऱ्हाईक असतोच. आणि हे एकट्यालाच नाही, रांगेतल्या प्रत्येकाला कळतं. मग ९०० हा भाव टिकेल कसा? सगळे ९४० वर आले की लोकांची अपेक्षाही ९४० ची होते आणि तोच हिशोब पुन्हा ९८० साठी चालतो. मग १०२०.

हे थांबतं कुठे? जिथे गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानाचा नव्हे, तर वस्तूच नको म्हणण्याचा विचार करायला लागतं तिथे. समजा १६०० च्या वर लोक म्हणतात, मरू दे, वीस लिटरचे कॅन मागवू. मग १६०० ला थांबलं. एकटं दुकान असतं तरी ते तिथेच थांबलं असतं. म्हणून त्याला मक्तेदारीचा भाव म्हणायचं. यात कुणी कुणाला भेटलं नाही, चहा प्यायलं नाही, काही ठरवलं नाही.

निखिल_जी
बरं, वर जाताना पटलं. पण १६०० वर सगळे बसलेत म्हणता, तर एकाने १५०० करावं. सगळं गिऱ्हाईक त्याच्याकडे.

अवंतिका_एम
कसं येणार? त्याने १५०० केलंय हे दुकानात पाय ठेवेपर्यंत कुणाला माहीत आहे? जे लोक त्याच्याकडे येणार होते तेच येतात, आणि ते १६०० द्यायला तयार असताना तो १५०० घेतो. प्रत्येक पाकिटामागे १०० रुपयांचं नुकसान, नवीन गिऱ्हाईक एकही नाही. तू म्हणशील ९०० करावं, तरी तेच. तोडलेला भाव दिसत नसेल तर तोडण्यात अर्थ नाही.

आणि मयूर, तुझा मूळ प्रश्न होता थोड्या खर्चाने थोडीच वाढ का नाही. खर्च ५० ऐवजी ५ रुपये धर. पायऱ्या लहान होतील, जिना तिथेच पोचतो. फक्त खर्च शून्य असेल तर भाव ८०० वर येतो. ५ आणि ० यांच्यात एवढी दरी आहे, हेच त्या निष्कर्षातलं खटकणारं आहे आणि म्हणूनच लोक त्याच्यावर इतकी वर्षं डोकं खाजवताहेत. (पायऱ्या मी समजावण्यापुरत्या सांगितल्या. खऱ्या मांडणीत ‘कोणत्या भावावर कुणालाच हलावंसं वाटणार नाही’ एवढंच विचारतात, आणि उत्तर १६०० हेच येतं.)

बडोद्याचा_जोशी
भारी आहे हे. आमच्या मंगळबाजारातही एकच स्टीलचा डबा चार दुकानांत चार भावांना असतो. पण तिकडे आई घासाघीस करते, म्हणून खरा भाव कुणालाच कळत नाही.

निखिल_जी
अवंतिकाताई, आता मी पकडलं तुम्हाला. तुमच्या हिशोबाने सगळीकडे १६०० पाहिजे. मयूरला १५५०, १४५० आणि १२५० असे तीन भाव मिळाले. म्हणजे थिअरी फेल.

अवंतिका_एम
चांगलं पकडलंस. डायमंड यांच्या मांडणीत भावांची तफावत राहतच नाही, सगळे एकाच उंच भावाला. आणि बाजारात तफावत असते हे तर त्याआधीच, १९६१ मध्ये, जॉर्ज स्टिगलर यांनी मांडलं होतं: भाव शोधायला खर्च येतो, म्हणून लोक एका मर्यादेपर्यंतच शोधतात, म्हणून फरक शिल्लक राहतो. डायमंड यांनी जणू विचारलं की ठीक आहे, पण समोरचा दुकानदारही डोकं चालवणार ना? आणि तो चालवायला लागल्यावर फरकच पुसला गेला.

गडबड कुठे आहे? सगळी गिऱ्हाइकं एकसारखी धरली आहेत तिथे. काही लोकांना भाव आधीच माहीत असतात असं धर. १०० गिऱ्हाइकं, त्यातले ४० माहीतगार, ते जिथे स्वस्त तिथेच जातात. उरलेले ६० जवळच्या दुकानात शिरतात आणि मिळेल त्या भावाला घेतात. दुकानं दोन, म्हणजे असे ३० याच्याकडे, ३० त्याच्याकडे.

आता एका दुकानदाराने १६०० लावले तर माहीतगार गेले, पण ते ३० राहिले. प्रत्येकी ८०० सुटतात, एकूण २४,०००. हे तर त्याला बसल्या जागी मिळणार आहेत. भाव तोडून ४० माहीतगार ओढले तर ७० गिऱ्हाइकं होतात. किती खाली जाणं परवडेल? २४,००० भागिले ७० म्हणजे पाकिटामागे साधारण ३४३. म्हणजे ११४३ च्या खाली तो जाणार नाही, कारण त्यापेक्षा १६०० लावून ३० जणांना विकलेलं बरं. आणि कुठल्याही एका ठरलेल्या भावावर बसला तर शेजारी १० रुपये कमी करून ४० जणांना पळवतो. म्हणून दोघेही ११४३ ते १६०० च्या दरम्यान हलते राहतात, कधी सेल, कधी नाही. हिशोब पुढे नेला तर निम्म्या वेळा भाव १२८० च्या खाली आणि निम्म्या वेळा वर निघतो. म्हणजे माल तोच, दुकानं सारखीच, तरी फरक आहेच.

माहीतगार ४० वरून २० वर आणले तर तो तळ ११४३ वरून १३३३ वर चढतो. आणि ते उरलेच नाहीत तर परत डायमंड यांचे १६००.

मयूर_राजेंद्रनगर
म्हणजे जे लोक फोन करून, फिरून भाव काढतात ते माझ्यासारख्या आळशाचंही भलं करतात?

अवंतिका_एम
या मांडणीत हो.

सियागंज_काउंटर
बऱ्याच दिवसांनी लॉगिन केलं, हा धागा बघून राहवलं नाही. आमचं दुकान आहे, याच लाइनीतलं, नाव सांगत नाही. मॅडमचं गणित छान आहे, पण काउंटरवर तसं होत नाही. मॅडमचे ते ४० लोक कोण आहेत माहीत आहे? मेकॅनिक. रोज चार-पाच मेम्ब्रेन लावणारा माणूस. त्याला सगळ्या लाइनचा भाव पाठ असतो. तो मोटारसायकल बंद न करता बाहेरूनच हात दाखवतो, मुलगा पाकीट नेऊन देतो, वहीत ९०० लिहिलं जातं. त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या घरगुती गिऱ्हाइकाला तेच पाकीट १४५०. दोन भाव असतात, साहेब. मेकॅनिकचा आणि पब्लिकचा. मेकॅनिकसाठी आम्ही पब्लिकचा भाव का उतरवू?

घरगुती माणूस कसा ओळखायचा, तर सोपं आहे. तो जुनं मेम्ब्रेन पिशवीत घालून आणतो आणि विचारतो, “ये वाला मिलेगा?” मेकॅनिक जीपीडी सांगतो.

अवंतिका_एम
सियागंज_काउंटर, तुम्ही लिहिलंत त्याने माझ्या वरच्या हिशोबाचा पायाच हलतो, आणि तो असा हलतो हे इथे यायलाच हवं होतं. माहीतगारांमुळे बाकीच्यांचं भलं होतं ते एकाच अटीवर: दुकानदाराला दोघांत फरक करता आला नाही पाहिजे. एकच भाव सगळ्यांना लावायचा असेल तर ४० जणांसाठी उतरवलेला भाव ६० जणांनाही मिळतो. चेहऱ्यावरून, पिशवीवरून, बोलण्यावरून ओळखता आलं की बाजाराचे दोन तुकडे पडतात. मेकॅनिकच्या तुकड्यात निखिलची स्पर्धा चालते, भाव खरेदीला चिकटतो. पब्लिकच्या तुकड्यात डायमंड. एकाच काउंटरवर, एकाच मिनिटाला.

म्हणून सुपरमार्केटमध्ये शेल्फवर किंमत चिकटवलेली असते तिथे शोधणाऱ्यांचा फायदा सगळ्यांना मिळतो आणि तोंडी भावाच्या दुकानात मिळत नाही. मयूरला मिळालेल्या तीन भावांतला काही फरक दुकानांचा असेल, पण काही त्याच्या बोलण्याचाही असू शकतो. महारानी रोडवर काय बोललास?

मयूर_राजेंद्रनगर
८० जीपीडी म्हणालो होतो. तोवर मेकॅनिककडून ऐकलं होतं.

सियागंज_काउंटर
बघा. 😄

श्रेया_सीए_फायनल
माझी एक शंका आहे, सरळच विचारते. सगळ्यांना माहीत आहे की भाव १६०० आहे आणि माझ्यासाठी वस्तूची किंमतही १६०० च. मग मी घरून निघेनच का? जायला ५० लागणार आणि हातात शून्य शिल्लक. म्हणजे दुकानात कुणी येणारच नाही. मग दुकानदार १५०० करेल का? पण केलं तरी मला विश्वास बसणार नाही, कारण मी आत आले की तो १६०० मागणारच.

अवंतिका_एम
श्रेया, हा या विषयातला सगळ्यात अवघड कोपरा आहे. तू म्हणतेस तसंच होतं: प्रत्येकाला एकच नग हवा असेल आणि पहिल्या दुकानापर्यंत जायलाही पैसे पडत असतील, तर बाजारच बसतो. लोकांच्या मर्यादा वेगवेगळ्या धरल्या तरी सुटका नाही. कारण काठावरचे लोक घरी राहतात, जे आले त्यांची ऐपत जास्त आहे हे दुकानदाराला त्यांच्या येण्यावरूनच कळतं, तो भाव चढवतो, मग पुढचा काठ घरी राहतो.

डायमंड यांच्या मूळ मांडणीत प्रत्येक गिऱ्हाईक भाव बघून कमी-जास्त प्रमाणात घेतं, त्यामुळे मक्तेदारीच्या भावालाही त्याला काही तरी सुटतं आणि तो येतो. तांदूळ, कापड यांना ते चालेल. मेम्ब्रेन मात्र कुणी अडीच घेत नाही. त्यामुळे पुढची बरीच लिखाणं ‘पहिली फेरी फुकट’ असं धरतात, म्हणजे माणूस तसाही बाजारात आलेलाच आहे. मला हे पूर्ण समाधानकारक वाटत नाही. राजवाड्याला कामाने गेलेल्याला ते लागू पडेल, खास मेम्ब्रेनसाठी निघालेल्याला नाही.

सांवेरचा_शेतकरी
आमच्या बाजूने पण सांगतो. सोयाबीन घेऊन मंडीत जायचो तेव्हा ट्रॉली भरून नेलेली, परत आणायचं भाडं कोण देणार? व्यापाऱ्याला हे माहीत. म्हणेल तो भाव. दुसऱ्या मंडीत काय चाललंय ते संध्याकाळी कळायचं. मग गावात ते इंटरनेटवालं चौपाल आलं, सकाळीच भाव दिसायला लागला.

अवंतिका_एम
दादा, हे त्याच नाण्याची दुसरी बाजू आहे. इथे शोधणारा विकणारा आहे, म्हणून भाव चढण्याऐवजी दाबला जातो. ट्रॉली परत न्यायचं भाडं म्हणजे मयूरचे ५० रुपये, फक्त कितीतरी मोठे. आपल्या मध्य प्रदेशातल्या या कियॉस्कवर अभ्यास झालेला आहे. ऑक्टोबर २००० पासून आयटीसीने ते लावायला सुरुवात केली. जिथे लागले त्या भागातल्या मंड्यांत सोयाबीनचा भाव सरासरी १ ते ३ टक्के वाढला आणि मंड्यामंड्यांतला फरकही कमी झाला. मात्र तिथे कंपनी स्वतः खरेदीलाही बसली होती, नुसती माहिती नव्हती. त्यामुळे किती श्रेय माहितीचं आणि किती नव्या गिऱ्हाइकाचं, यावर मी पैज लावणार नाही.

सांवेरचा_शेतकरी
१ टक्का पण ट्रॉलीवर मोजा मॅडम, कमी नाही.

निखिल_जी
मग उपाय साधा आहे. नगर निगमने सक्ती करावी, प्रत्येक दुकानाने भाव बोर्डावर आणि वेबसाइटवर लावायचा. शोधखर्च शून्य. विषय संपला.

अवंतिका_एम
डेन्मार्कमध्ये हे करून बघितलंय. १९९३ मध्ये तिथल्या स्पर्धा खात्याने तयार काँक्रीटचे प्रत्यक्ष व्यवहारातले भाव कंपनीवार छापायला सुरुवात केली. हेतू तुझाच. वर्षभरात भाव १५ ते २० टक्के वाढले. कारण गिऱ्हाइकाला भाव दिसला तसा शेजारच्या कारखान्यालाही दिसला. आधी एखाद्या मोठ्या गिऱ्हाइकाला गुपचूप सूट देता यायची, आता ती लगेच उघडी पडते, मग द्यायचीच कशाला? थोडेच विकणारे असतील आणि ते एकमेकांवर डोळा ठेवून असतील तर बोर्ड त्यांच्याच कामाचा. निखिल, तुझी चहाची टपरी इथे खरी ठरते, फक्त चहाची गरज नाही.

महारानी रोडवर दुकानं खूप आहेत, त्यामुळे तिथे असंच होईल असं मी म्हणत नाही.

वसुधाताई_सुदामानगर
पण आता मोबाइलवर ऑनलाइन भाव दिसतो की. कुणाला फिरायला लागतंय?

सियागंज_काउंटर
ताई, दिसतो. गिऱ्हाईक फोन पुढे करतं, “देखो, इतने का मिल रहा है.” आम्ही म्हणतो, ते डुप्लिकेट असतं, होलोग्राम बघून घ्या. कधी असतं, कधी नसतं. पण एकदा म्हटलं की ते गिऱ्हाईक विचारात पडतं आणि तेवढ्यात बिल फाटतं. फोनवर भाव विचारला तर आमच्या लाइनीत कुणी सांगत नाही. “आ जाओ, लगा देंगे.” भाव सांगितला तर ते लगेच पुढच्याला फोन लावणार. दुकानात आलं, पंख्याखाली बसलं, पाणी प्यायलं, की दहातले सात तरी घेऊनच जातात.

श्रेया_सीए_फायनल
म्हणजे शोधखर्च आकाशातून पडत नाही, तुम्ही लोक तो तयार करता.

सियागंज_काउंटर
काही रस्त्याच्या ट्रॅफिकने तयार होतो, बाकी आम्ही.

मयूर_राजेंद्रनगर
एक शेवटचं. लाइनीत आणखी दहा दुकानं उघडली तर तरी भाव उतरेल ना?

अवंतिका_एम
माझ्या वरच्या हिशोबात दोनाची चार दुकानं कर. न शोधणारे ६० आता १५-१५ वाटले जातात. १६०० लावून १५ × ८०० म्हणजे १२,००० मिळतात. भाव तोडून ५५ गिऱ्हाइकं केली तर पाकिटामागे २१८ पुरतात, म्हणजे तळ १०१८ वर आला. माहीतगारांची चांदी. पण चार जणांत सगळ्यात स्वस्त ठरण्याची आशा कमी, म्हणून प्रत्येक दुकानदार जास्त वेळा १६०० च्या आसपासच बसतो. न शोधणाऱ्याला सरासरी भाव आधीपेक्षा जास्त पडतो.

निखिल_जी
दुकानं वाढली की भाव वाढतो, हे मी मान्य करणार नाही. कागदावर काहीही निघेल. विजय नगरला दुकानं झाली तेव्हा भाव उतरले होते, मला आठवतंय.

सियागंज_काउंटर
ते उतरले कारण तिथे एकाने बाहेर बॅनर लावला होता मोठ्या अक्षरात. सहा महिन्यांनी बॅनर काढला. आता जाऊन विचारा.